प्रॉम्प्टची लांबी (चित्रनिर्मिती)

मजकुरावरून चित्र काढणाऱ्या मॉडेलला दिलेला प्रॉम्प्ट, म्हणजे हव्या त्या चित्राचं लेखी वर्णन, किती लांब आहे, यावर चित्रात काय उतरतं आणि काय गळतं हे बरंचसं ठरतं. या नोंदीत मुख्यतः स्टेबल डिफ्यूजन या मॉडेलच्या सुरुवातीच्या १.x आवृत्त्या (२०२२) धरल्यात, कारण त्यांचा कोड खुला आहे आणि आत काय चालतं ते तपासून बघता येतं.

लांबी मोजतात ती शब्दांत नाही, टोकनमध्ये. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा, स्वल्पविरामसुद्धा एक टोकन खातो. या आवृत्त्यांत मजकूर वाचायचं काम क्लिप नावाचं मॉडेल करतं, ते ओपनएआयने जानेवारी २०२१ मध्ये आणलं, आणि त्याची मर्यादा ७७ टोकनांची. आता या आकड्याचाही एक घोळ आहे: मूळ शोधनिबंधात मर्यादा ७६ दिलीय, प्रसिद्ध केलेल्या कोडमध्ये मात्र ७७. या एकाच्या फरकाचे खुलासे वेगवेगळे देतात, पण चालतो तो कोड, त्यामुळे ७७ धरणंच बरं. त्यातले दोन टोकन सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणेला जातात, म्हणजे आपल्या हातात उरतात ७५.

त्यापुढे लिहिलं तर काय होतं हे वापरलेल्या सॉफ्टवेअरवर आहे. डिफ्यूझर्स लायब्ररी जास्तीचा भाग सरळ कापते आणि कापलेले शब्द दाखवून एक सूचना देते, जी बहुतेक जण वाचतच नाहीत. ऑटोमॅटिक११११ या इंटरफेसमध्ये कापाकापी नसते, तिथे ७५-७५ चे गठ्ठे पाडून प्रत्येक गठ्ठा वेगळा वाचला जातो आणि मग एकापुढे एक जोडला जातो (कोपऱ्यातला `75/75` चा आकडा एकदम `76/150` होतो तो यामुळेच). वेगळा वाचल्यामुळे दुसऱ्या गठ्ठ्यातल्या विशेषणाला पहिल्या गठ्ठ्यातलं नाम माहीतच नसतं.

पण मुख्य विषय हरवायला ७५ ची वेस ओलांडावीच लागते असं नाही. हा छोटा प्रॉम्प्ट घ्या:

```
old Koli fisherwoman with a basket of pomfret, dock, morning
```

हे वीसेक टोकनांच्या आत बसतं आणि बाई बहुधा चित्राच्या मधोमध येते. आता तिला हिरवी साडी, सोन्याची नथ, मागे निळ्या होड्या, लाल छत्री, बर्फाचे खोके, धुकं, समुद्रपक्षी, जुनी इमारत आणि वर `cinematic, 8k, ultra detailed` असं सगळं जोडत जा. हळूहळू ते बंदराचं चित्र होतं, बाई कडेला लहान होऊन जाते, टोपली गायब होते आणि कधी साडी लाल नि छत्री हिरवी अशी अदलाबदल होते. कारण असं की चित्राचा प्रत्येक भाग आपलं लक्ष सगळ्या टोकनांमध्ये वाटतो आणि त्या वाटपाची बेरीज कायम १ असते, त्यामुळे होड्या-इमारतींसारख्या मोठी जागा व्यापणाऱ्या गोष्टी वाढल्या की बाईच्या वाट्याला कमी येतं. विषय असा साफ गळण्याला २०२३ च्या ‘अटेंड अँड एक्साइट’ या कामात ‘कॅटॅस्ट्रॉफिक निग्लेक्ट’ म्हटलंय.

क्लिपमध्ये प्रत्येक टोकन फक्त आपल्या आधीच्या टोकनांकडे बघू शकतं. म्हणून बाई पहिल्यांदा लिहिली तर पुढच्या सगळ्या शब्दांवर तिची छाप पडते, शेवटी लिहिली तर पडत नाही. मुख्य गोष्ट आधी लिहा म्हणतात त्यामागे हे आहे, अंधश्रद्धा नाही. ऑटोमॅटिक११११ मध्ये `(fisherwoman:1.3)` असं लिहून त्या शब्दाचं वजन वाढवूनही ती परत आणता येते, पण वजन फार वाढवलं की रंग भडक होतात आणि चेहरा बिघडतो.

मग नेमका किती लांब प्रॉम्प्ट चालतो? सॉफ्टवेअरच्या मर्यादेकडे बघितलं तर उत्तर ७५ येतं. क्लिपची मर्यादा वाढवणाऱ्या लाँग-क्लिपवाल्यांचं (२०२४) म्हणणं असं की क्लिपची खरी उपयोगी लांबी २० टोकनांच्याही आतच आहे. वरचं कोळणीचं उदाहरण बघता दुसरं मत जास्त पटतं. कोणता तपशील विषयाला ढकलतोय हे कळायला सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ज्यावरून होते तो आकडा, तोच ठेवायचा आणि शेवटाकडून एकेक तपशील काढत चित्र परत काढायचं. ज्याच्या जाण्याने बाई मोठी होऊन परत येते, तो दोषी. दोन-तीन वेगळ्या सीडवर हेच दिसलं तरच ते खरं धरावं, एका सीडचं चित्र फसवू शकतं.

मजकूर वाचायला टी५ हे भाषेचं मॉडेल वापरणाऱ्या किंवा लांब वर्णनांवर शिकवलेल्या नंतरच्या मॉडेलांत (दाल-ई ३, २०२३) गणित उलटतं, तिथे फार छोटा प्रॉम्प्टच कमी पडतो, म्हणून दाल-ई ३ मध्ये तो आधी भाषेच्या मॉडेलकडून वाढवून घेतात.

मराठीत प्रॉम्प्ट लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा वेगळी चिन्हं, आणि क्लिपचा शब्दसंग्रह मुळात इंग्रजीचा, त्यामुळे ‘नऊवारी’ एवढ्या एका शब्दाचेही अनेक टोकन पडतात. म्हणजे ७५ ची मर्यादा तर लवकर भरतेच, वर त्या तुकड्यांना क्लिपच्या लेखी फारसा अर्थही नसतो.