बाळाचा वाढीचा तक्ता कसा वाचावा?
वजनकाट्यासोबत दिलेल्या तक्त्यांविषयी माहिती

आमच्या काट्यासोबत तुम्हाला तीन तक्ते मिळतात: वजनाचा, लांबीचा आणि डोक्याच्या घेराचा. ते जागतिक आरोग्य संघटनेने 2006 आणि 2007 साली प्रसिद्ध केलेल्या मानकांवर आधारलेले आहेत. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत अशा सहा देशांतल्या, आईचं दूध मिळालेल्या निरोगी मुलांची मापं घेऊन ती मानकं ठरवली गेली. आपल्याकडची मुलं दिल्लीतली होती. मुलींचा तक्ता गुलाबी आणि मुलांचा निळा आहे. मुलीचं वजन निळ्या तक्त्यावर टाकलं तर ती उगीचच मागे दिसेल, म्हणून आधी रंग पाहा.

रेषा काय सांगतात?

तक्त्यावर पाच वळणदार रेषा आहेत: 3, 15, 50, 85 आणि 97. हे पर्सेंटाइल. तुमची मुलगी वजनाच्या 15 च्या रेषेवर असेल, तर तिच्याच वयाच्या 100 निरोगी मुलींपैकी साधारण 15 जणी तिच्यापेक्षा हलक्या आणि 85 जणी जड आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हे परीक्षेतले गुण नव्हेत. 15 म्हणजे नापास नाही आणि 85 म्हणजे बाळ जास्त सुदृढ असंही नाही. 50 ची रेषा गाठायची म्हणून बाळाला भरवत सुटू नका. निरोगी मुलांपैकी निम्मी त्या रेषेच्या खालीच असतात.

अंगणवाडीच्या माता-बाल कार्डावर पर्सेंटाइलऐवजी एसडीच्या, म्हणजे मधल्या रेषेपासून बाळ किती दूर आहे ते सांगणाऱ्या रेषा असतात. तिथली उणे 2 ची रेषा म्हणजे आपल्या तक्त्यावरच्या 3 च्या रेषेच्या किंचित खालची जागा. दोन्हीकडचे ठिपके एकत्र करून वाचू नका.

ठिपका एकच, अर्थ दोन

दोन मुली घ्या. पहिल्या वाढदिवसाला दोघींचं वजन 7.9 किलो, म्हणजे बरोबर 15 च्या रेषेवर.

पहिलीची नोंद अशी: जन्मवेळी 2.8 किलो, तिसऱ्या महिन्यात 5.1, सहाव्यात 6.4, नवव्यात 7.3 आणि बाराव्यात 7.9. ठिपके जोडले की रेघ 15 च्या रेषेवरूनच चालते. ही मुलगी लहान चणीची आहे, पण तिची वाढ नीट चालली आहे.

दुसरीची नोंद: 3.2, 5.8, 7.3, 7.7 आणि 7.9. सहाव्या महिन्यापर्यंत ती 50 च्या रेषेवर होती. पुढच्या सहा महिन्यांत पहिलीचं वजन दीड किलोने वाढलं, हिचं फक्त 600 ग्रॅमने. वजन एकदाही घटलं नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही, पण तक्त्यावर रेघ आडवी होत गेलेली स्पष्ट दिसते. म्हणून एका ठिपक्यावरून निष्कर्ष काढू नका. निदान तीन ठिपके जोडा आणि रेघेचा चढ छापील रेषांच्या चढासारखा आहे का ते पाहा.

रेषा ओलांडली म्हणजे काळजीच का?

नेहमी नाही. जन्माचं वजन बरंचसं आईच्या पोटातल्या पोषणावर ठरतं. पुढची चण आईवडिलांकडून येते. त्यामुळे पहिल्या दीड-दोन वर्षांत अनेक निरोगी मुलं आपापल्या रेषेकडे सरकतात, काही वर, काही खाली. आईवडील बुटके, बाळ मात्र जन्मतः भरलेलं, अशा घरात रेघ हळूहळू खाली येते, वजन आणि लांबी दोन्ही बरोबरीने उतरतात आणि मग नव्या रेषेवर स्थिरावतात. बाळ खेळकर असतं आणि विकासाचे टप्पे वेळेवर येतात. दोन वर्षांनंतर मात्र वयात येईपर्यंत मूल सहसा आपली रेषा सोडत नाही, म्हणून त्या काळात रेषा ओलांडली तर डॉक्टरांना दाखवावं.

दुसऱ्या मुलीचं काय, हे लांबीचा तक्ता सांगेल. लांबी 50 वरच असेल आणि फक्त वजन उतरत असेल, तर पहिला संशय खाण्यावर. सहाव्या महिन्यानंतर वाढ मंदावण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे डाळीचं नुसतं पाणी आणि पातळ पेज. पोट भरतं, पण उष्मांक मिळत नाहीत. नऊ महिन्यांनंतर दिवसातून 3-4 वेळा घट्टसर, तूप घातलेली खिचडी किंवा तसंच काही, शिवाय एक-दोन वेळा मधलं खाणं आणि आईचं दूध, एवढं लागतं. वारंवार जुलाब, खोकला, रक्तक्षय ही बाकीची कारणं डॉक्टर तपासतील.

उपासमारीत आधी वजन घटतं, मग लांबी मंदावते आणि डोकं सर्वांत शेवटी. याउलट वजन ठीक, पण लांबीच रेषा सोडून खाली येत असेल, तर थायरॉइडसारख्या हार्मोन्सची तपासणी लागते. तिथे जास्त भरवून उपयोग नाही. डोक्याचा घेर झपाट्याने रेषा ओलांडून वर जात असेल, तर पुढच्या मापाची वाट न पाहता बाळाला दाखवा.

‘दोन रेषा ओलांडल्या तरच काळजी’ हा नियम तुम्ही ऐकला असेल. तो ब्रिटनमधल्या तक्त्यांसारख्या, एकमेकींच्या जवळ असलेल्या नऊ रेषांच्या तक्त्यांवर चालतो. आपल्या तक्त्यावर रेषांमधलं अंतर जास्त आहे, त्यामुळे इथे एक पूर्ण पट्टा उतरला तरी विचारून घ्यावं. परदेशातून बाळाची फाइल आली असेल किंवा मोबाइल अ‍ॅप वापरत असाल, तर कोणता तक्ता आहे ते आधी पाहा.

खोटी घसरण

आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ शंका मापाच्या चुकीतून निघतात. 9 ते 12 महिन्यांची, 50 च्या रेषेवरची मुलगी महिन्याला जेमतेम 230 ग्रॅमने वाढते. भरलेला डायपरच सहज 150-200 ग्रॅमचा असतो! म्हणजे मागच्या वेळी डायपरसह आणि या वेळी उघडं, एवढ्यानेच महिन्याची बरीचशी वाढ गायब होते. काटा फरशीवर ठेवा, गादीवर किंवा सतरंजीवर नको. शून्य दिसल्यावर बाळाला उघडं करून, दूध पाजण्याआधी, दर वेळी साधारण एकाच वेळेला ठेवा. दवाखान्यातला काटा आणि घरचा काटा यांच्या नोंदी एकाच रेघेत जोडू नका.

रोज वजन करणंही टाळा. एक ते सहा महिन्यांच्या बाळाचं आठवड्यातून एकदा, सहा ते बारा महिन्यांत पंधरवड्यातून एकदा आणि नंतर महिन्यातून एकदा, याहून जास्त वेळा केल्यास फक्त शी-शूचा चढउतार दिसतो.

लांबी दोन वर्षांपर्यंत झोपवून घेतात, पुढे उभं करून उंची. उभ्याने माप साधारण 0.7 सेंटिमीटर कमी भरतं, म्हणून दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास दिसणारी छोटी घसरण बहुधा खोटी असते.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल, तर दोन वर्षांपर्यंत सुधारित वय धरा. 32 आठवड्यांना जन्मलेली मुलगी आज सहा महिन्यांची असेल तर ठिपका चार महिन्यांवर टाका. तिचं 6.2 किलो वजन सहा महिन्यांवर 15 च्या खाली दिसतं, पण चार महिन्यांवर 50 च्या जवळ.

कधी थांबू नये

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन 7 ते 10 टक्क्यांपर्यंत घटू शकतं आणि दोन आठवड्यांत भरून यायला हवं. ते न आल्यास, किंवा पहिल्या तीन महिन्यांत दोन आठवडे वजन अजिबात न वाढल्यास लगेच डॉक्टरांकडे जा. मोठ्या बाळाच्या आजारपणात उतरलेलं वजन बरं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत परत येतं. तसं झालं नाही तर दाखवा.

जाताना तिन्ही तक्ते, जन्मवजन, किती आठवड्यांना जन्म झाला ती नोंद, आईवडिलांची उंची आणि तीन दिवसांत बाळाने काय आणि किती वाट्या खाल्लं ते लिहून न्या.