ऑडिओबुकची नोंद (मराठी कादंबरी)

ऑडिओ मंचावर कादंबरी शोधणाऱ्याला मुखपृष्ठाच्या चित्राखाली जे दिसते, म्हणजे शीर्षक, लेखक व पुस्तक वाचून दाखवणारा वाचक यांची श्रेयनावे आणि वर्णन, ती त्या ऑडिओबुकची नोंद. छापील पुस्तकाच्या नोंदीपेक्षा तिच्यात एक माणूस जास्त असतो. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे; तिथल्या कपाटातली कादंबरी कोणी वाचून दाखवली, हा प्रश्नच येत नाही. ऑडिओबुकात मात्र अनेक श्रोते लेखकाआधी आवाजाचे नाव बघतात.

उदाहरणासाठी एक काल्पनिक कादंबरी घेऊ : ‘तिसऱ्या पाळीचा भोंगा’. ती सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत घडते. शीर्षकाच्या रकान्यात एवढेच शब्द जावेत. ‘मराठी ऑडिओबुक’, ‘गाजलेली कादंबरी’ अशी शेपटे जोडण्याचा मोह प्रकाशकांना फार होतो; पण भाषा आणि प्रकार यांना स्वतंत्र रकाने असतात, आणि लांबलेले शीर्षक फोनच्या पडद्यावर मध्येच तुटते. मुखपृष्ठावर, नोंदीत आणि ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या घोषणेत शीर्षक अक्षरशः एकच हवे.

खरी अडचण ‘ऱ्या’मध्ये आहे. हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि ‘य’, किंवा साधा ‘र’, हलन्त, न दिसणारे जोडचिन्ह (ZWJ) आणि ‘य’. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र वेगळी. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर रूपांतरित करून शीर्षक उचलले असेल, तर त्यात दुसरा प्रकार येऊ शकतो. मग श्रोत्याने फोनच्या कळफलकावर पहिल्या प्रकाराने टाइप केलेले नाव शोधात सापडत नाही. तपासणे सोपे आहे. नोंदीचा मजकूर एका फाइलमध्ये ठेवावा आणि फोनवर टाइप केलेले ‘तिसऱ्या’ त्यात शोधावे. समोर दिसत असूनही सापडले नाही तर शीर्षक हाताने पुन्हा टाइप करावे. ‘ॲ’चीही हीच गत आहे. शिवाय बरेच जण रोमन लिपीत शोधतात, म्हणून Tisrya Palicha Bhonga हे रूप शीर्षकाला न चिकटवता पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात द्यावे.

श्रेयनावात कोणी काय केले ते भूमिकेसह सांगावे लागते. पुस्तक-व्यवहाराच्या ‘ओनिक्स’ या माहिती-प्रमाणात लेखकाला `A01` आणि ध्वनिमुद्रणासाठी वाचणाऱ्याला `E07` हा संकेत आहे. लेखिकेने स्वतःच वाचले असेल तर तिच्या नावावर दोन्ही भूमिका लागतात. फक्त पहिली दिली की वाचकाची जागा रिकामी राहते. एकाहून जास्त आवाज असतील तर प्रत्येकाचे नाव स्वतंत्र नोंदवावे, ‘आणि इतर’ लिहू नये. एका नोंदीत ‘सौ.’ किंवा ‘प्रा.’ आणि दुसरीत नुसते नाव असले, तर मंच त्या दोन व्यक्ती समजू शकतो आणि वाचकाची पुस्तके दोन पानांवर विखुरतात. हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३८बी सादरकर्त्याला आपली ओळख दिली जावी असा हक्क देते.

वर्णनासाठी छापील पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा उचलणे हा सर्रास दिसणारा आळस आहे. पडद्यावर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचे उघडावे लागते. ‘मराठी साहित्यात मोलाची भर घालणारी हृदयस्पर्शी कादंबरी’ या वाक्यात त्या ओळी संपल्या की श्रोत्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल :

‘रात्री अकराचा भोंगा होतो आणि सातपूरच्या कारखान्यात तिसरी पाळी लागते. मालेगावकडून कामाला आलेल्या एका फिटरच्या लक्षात येते, की रोज एक कामगार हजेरी लावून गायब होतो.’

पुढच्या परिच्छेदात ऐकणाऱ्याला लागणारी माहिती यावी : संपूर्ण वाचन आहे की संक्षिप्त, आवाज एक की अनेक, आणि संवादांत अहिराणी किती आहे. शेवटची गोष्ट प्रकाशक हमखास गाळतात. बागलाण-मालेगावकडच्या श्रोत्याला तीच ओढून आणते, तर इतरांना कानाची तयारी ठेवता येते. शिव्या असतील तर तेही लिहावे, कारण पुस्तक घरात मोठ्याने लावले जाते.

प्रकाशित झाल्यावर चूक दिसली तर दुरुस्ती मंचावर नव्हे, प्रकाशकाच्या मूळ माहिती-फाइलमध्ये करावी. नोंद वितरकामार्फत जात असेल, तर पुढची फाइल पोहोचताच मंचावर हाताने केलेला बदल पुसला जाऊन जुनी चूक परत येऊ शकते.