"पुरुषांत फरक पडला, स्त्रियांत नाही" असं रिपोर्टमध्ये लिहायच्या आधी

आमच्याकडे डेटा ॲनालिसिसला देणाऱ्या बऱ्याच जणांना रिपोर्टमध्ये हेच वाक्य हवं असतं, आणि आम्ही ते बहुतेक वेळा लिहून देत नाही. का, ते इथे सांगतोय.

समजा बीपीच्या औषधाचा ट्रायल आहे, निम्मे पुरुष, निम्म्या स्त्रिया. गोळी घेणाऱ्या पुरुषांचं बीपी नुसती डमी गोळी घेणाऱ्यांपेक्षा सरासरी 6 ने जास्त उतरलं, स्टँडर्ड एरर 2.5, म्हणजे पी व्हॅल्यू 0.016. स्त्रियांत 3 ने उतरलं, एरर तोच 2.5, पी 0.23. आता एक सिग्निफिकंट आणि दुसरा नाही म्हटल्यावर कुणालाही वाटणारच की औषध पुरुषांनाच लागू पडतं. पण खरा प्रश्न वेगळाय, 6 आणि 3 यांच्यात फरक आहे का? तो थेट तपासावा लागतो. फरक 3 चा, आणि त्याचा एरर दोन्ही एररचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की येतो 3.5, म्हणजे फरकापेक्षा एररच मोठा! पी व्हॅल्यू 0.40 च्या आसपास, कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे 3.9 ते 9.9. म्हणजे औषध पुरुषांना बरंच जास्त लागू पडत असेल, किंवा उलट स्त्रियांनाच जास्त, हा डेटा दोन्ही शक्यता उघड्या ठेवतो. दोन गटांतला फरक असा थेट तपासण्यालाच इंटरॅक्शन टेस्ट म्हणतात, आर या सॉफ्टवेअरमध्ये ती अशी:

```
summary(lm(bp_drop ~ drug * sex))
```

आउटपुटमध्ये `drug` आणि `sex` मध्ये `:` असलेली ओळ बघायची, फरकाचं उत्तर तिथेच असतं.

मग आम्ही काय लिहितो? सगळे मिळून परिणाम 4.5 (इंटरव्हल 1.0 ते 8.0), दोन्ही गटांचे आकडे इंटरव्हलसकट, शेजारी इंटरॅक्शनचा पी, आणि "परिणाम लिंगानुसार बदलतो असा पुरावा मिळाला नाही" एवढंच. "दोघांत सारखाच परिणाम" असंही लिहीत नाही बरं का, कारण तेही सिद्ध झालेलं नसतं. असे निम्मे-निम्मे गट असले की फरकाचा एरर एकूण परिणामाच्या एररच्या दुप्पट असतो, म्हणजे तेवढाच मोठा फरक तितक्याच खात्रीने पकडायला चौपट माणसं लागतात, आणि ट्रायल तेवढा मोठा सहसा नसतोच.

आणि गट किती पाडून बघितले ते सगळं सांगा प्लीज, न जमलेले पण, आणि त्यातले कुठले आधीपासून ठरवलेले होते तेही. 1988 मध्ये छापलेल्या आयसिस-2 ट्रायलमध्ये हार्ट अटॅकचे 17,187 पेशंट होते, ॲस्पिरिनने मृत्यू स्पष्ट कमी झाले, पण संशोधकांनी मुद्दाम राशींप्रमाणे गट पाडून दाखवले तर मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिनचा थोडा तोटाच दिसला! पुरेसे गट पाडले की असं काहीतरी निघतंच, म्हणून डेटा पाठवताना गटांची पूर्ण यादी सोबत पाठवा, रिपोर्टच्या टेबलात आम्ही ती जशीच्या तशी टाकतो.