पतनसूचना व आपत्कालीन संदेश (घड्याळ व मोबाइल)

पतनसूचना व आपत्कालीन संदेश : मनगटी घड्याळ घातलेली व्यक्ती जोरात पडल्याचे ओळखून, तिच्याकडून प्रतिसाद न आल्यास मदत-क्रमांकाला आपोआप फोन लावणारी आणि ठरवलेल्या नातलगांना ठिकाण कळवणारी सुविधा. बटण दाबून मदत मागण्याची सोय हा तिचाच जुना भाग. मोबाइल व स्मार्ट घड्याळाचा रोजचा वापर येथे गृहीत धरला आहे.

उगमाबाबत एकवाक्यता नाही. गळ्यातले बटण दाबून मदत बोलावण्याच्या घरगुती यंत्रणेचे श्रेय जर्मन परंपरा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या विल्हेल्म हॉर्मान यांना देते, तर अमेरिकी लेखक १९७४ मध्ये लाइफलाइन ही कंपनी काढणाऱ्या अँड्र्यू डिब्नर यांना. दोघांचे काम साधारण एकाच काळातले असल्याने अग्रक्रमाचा वाद फारसा फलदायी नाही. दोन्ही यंत्रणांत बटण दाबायला माणूस शुद्धीवर असावा लागे, हे अधिक महत्त्वाचे. पडणे यंत्रानेच ओळखावे ही कल्पना सामान्यतः लॉर्ड व कोल्विन यांच्या १९९१ च्या लेखापर्यंत मागे नेली जाते. ‘पहिले यंत्र कोणाचे’ यापेक्षा ‘न दाबता वाजणारे पहिले कोणते’ हा प्रश्न प्रस्तुत विषयाला जवळचा आहे. घराघरांत ही सुविधा पोचली ती मात्र सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या ॲपल वॉच सिरीज ४ पासून. सॅमसंग व गूगलच्या घड्याळांत ती नंतर आली.

तत्त्व सोपे आहे. स्थिर हाताच्या घड्याळातील त्वरणमापकाला १ जी एवढे गुरुत्व जाणवते. माणूस कोसळताना ते क्षणभर कमी होते, जमिनीवर आपटताच एकदम कित्येक पट वाढते (सिरीज ४ मधील मापक ३२ जीपर्यंत मोजतो) आणि त्यानंतर हालचाल थांबते. घट, धक्का आणि निश्चलता हा क्रम जुळला की ते पडणे. अडचण अशी, की वृद्ध माणसे नेहमी या क्रमाने पडत नाहीत. भिंतीला धरत खाली घसरणे, पलंगाच्या कडेवरून सरकणे, खुर्ची समजून हवेत बसणे यांत धक्का सौम्य असतो आणि घड्याळ गप्प राहते. कंपन्या ‘जोरात पडणे’ असा शब्द जपून वापरतात तो यामुळेच. त्वरणमापकावर आधारलेल्या १३ पद्धती २९ खऱ्या पतनांवर पडताळणारा बगाला व सहकाऱ्यांचा २०१२ चा अभ्यास या बाबतीत उद्बोधक आहे. पद्धतींनी सरासरी ५७ टक्के पतनेच ओळखली, कारण त्यांपैकी बहुतेक स्वयंसेवकांना प्रयोगशाळेत मुद्दाम पाडून बसवलेल्या होत्या. त्या अभ्यासातले मापक कमरेवर होते, म्हणून तो आकडा मनगटावरच्या घड्याळाला जसाच्या तसा लावू नये. मनगट शरीरापासून स्वतंत्र हलते, त्यामुळे तिथले काम कमरेपेक्षा सोपे नसून अवघडच आहे.

निश्चलतेची अट सर्वांत कमी माहीत असलेली आणि सर्वांत जास्त घात करणारी आहे. पतन नोंदले की ॲपलचे घड्याळ मनगटावर ठोके देते, आवाज करते आणि विचारणा पडद्यावर आणते. सुमारे १ मिनिट हालचाल झाली नाही, तर ३० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते आणि ती संपली की आपत्कालीन फोन लागतो. परंतु हालचाल जाणवली, तर घड्याळ उत्तराची वाट पाहत राहते. आपणहून फोन लावत नाही. बेशुद्ध माणसासाठी ही रचना उत्तम. खुब्याचे हाड मोडून शुद्धीवर पडलेल्या, उठायला धडपडणाऱ्या माणसाला मात्र ती पुरी पडत नाही.

नमुन्यादाखल एक प्रसंग घ्यावा. गिरगावात पाडलेल्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, १४ व्या मजल्यावर, ७९ वर्षांच्या आजी एकट्या राहतात. सकाळी पावणेसातला मोरीच्या ओल्या फरशीवर पाय घसरून त्या डाव्या कुशीवर आपटतात. घड्याळ वाजते. आजी नळ धरून उठायला पाहतात, म्हणजे हालचाल झाली, म्हणजे फोन लागणार नाही. पडद्यावर बोट फिरवावे तर बोटे ओली, पडदा दाद देत नाही. अशा वेळी उपयोगी पडते ते बाजूचे बटण. ते दाबूनच धरले, की मोजणी होऊन फोन लागतो. त्याला ओल्या बोटांचे वावडे नाही. आजींना हे एकदा प्रत्यक्ष हातात धरून दाखवलेले असले पाहिजे. फोन ११२ ला जातो. नातलगांना ठिकाणासह संदेश जातो तो हे बोलणे संपल्यावर, त्यामुळे ठाण्यातल्या मुलाला कळायला आणखी काही वेळ जातो.

हाच प्रसंग दुसऱ्या कारणानेही फसू शकतो, तो म्हणजे घड्याळ मोरीत नसणे. १८ तास चालणारे घड्याळ रोज चार्ज करावे लागते आणि बहुतेक जण ते आंघोळीला जाताना काढून ठेवतात, म्हणजे नेमके घरातल्या सर्वांत निसरड्या जागी जाताना. दुपारच्या जेवणानंतर, खुर्चीत बसल्या बसल्या चार्ज करणे बरे. मुलाने आपले जुने घड्याळ स्वतःच्या जन्मतारखेसह आईला दिले असेल, तर आणखी एक खोट राहते : ही सुविधा ५५ वर्षे व त्यावरील वयालाच आपोआप चालू होते. ती फोनमधील Watch ॲपच्या Emergency SOS या भागात Fall Detection येथे तपासता येते. स्वतःचे सिम नसलेल्या घड्याळाला फोन लावण्यासाठी मोबाइल जवळपास लागतो, हेही येथे नोंदवावे.

मोबाइलमधील बटणाला भारतात कायद्याचा आधार आहे. २०१६ च्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनांत पॅनिक बटण सक्तीचे झाले : स्मार्टफोनमध्ये पॉवरचे बटण झटपट तीनदा, साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ दाबून धरणे. पिशवीत दाबले जाऊन ११२ ला लागणारे मुके फोन ही या सोयीची दुसरी बाजू. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८, तर मुंबई पोलिसांची ज्येष्ठ नागरिकांसाठीची मदतवाहिनी १०९० आहे.

मुंबईपुरता खरा अडसर शेवटच्या वीस फुटांत असतो. संदेशातील ठिकाण म्हणजे नकाशावरचा ठिपका. त्यावरून इमारत सापडते, मजला व खोली नाही. म्हणून संपर्कांत दूरच्या मुलाबरोबर त्याच इमारतीतला एक शेजारी असणे भाग आहे, आणि त्याच्याकडे किल्लीही. वॉचमन बदलत राहतात, त्यांच्यावर विसंबणे बरे नव्हे. किल्ली असूनही दार उघडेलच असे नाही. सेफ्टी डोअर आणि लॅच बाहेरून किल्लीने उघडतात, पण रात्री सवयीने सरकवलेली आतली कडी उघडत नाही. मग अग्निशमन दलाला १०१ वर बोलावून दार तोडणे आले. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी ती कडी काढून टाकून त्या जागी बाहेरूनही किल्ली लागणारे दुसरे कुलूप बसवतात. सुताराचे हे अर्ध्या तासाचे काम आहे.