नैरोबीचे सामने, लंडनचे कोर्ट: परदेशी करारांतल्या न्यायक्षेत्राच्या कलमाची पार्श्वभूमी

परदेशी पक्षाशी झालेल्या कराराच्या शेवटच्या पानावर दोन कलमे हमखास असतात. एक सांगते, करार कोणत्या देशाच्या कायद्याने वाचायचा. दुसरे सांगते, भांडण कोणत्या कोर्टात न्यायचे. ती कशासाठी घालतात, हे वाचकांना सांगायला नको. गुंता आहे तो दुसऱ्या कलमातल्या एका विशेषणाचा: एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त तेच कोर्ट, की नॉन-एक्सक्लुझिव्ह, म्हणजे ते कोर्ट आणि अधिकार असलेली इतरही? आपल्याकडे या प्रश्नाला वळण लागले ते मुंबईतून निघालेल्या एका क्रिकेटच्या दाव्यामुळे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. पहिले कलम तसे लवकर मार्गी लागले. 1939 साली प्रिव्ही कौन्सिलपुढे हेरिंग माशांचा खटला आला. माल न्यूफाउंडलंडहून न्यूयॉर्कला निघालेला, जहाज वाटेत नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याला लागलेले, आणि कागदावर लिहिलेले ‘इंग्लिश कायदा लागू’. निवड प्रामाणिक असेल, बेकायदा नसेल आणि सार्वजनिक धोरणाच्या आड येत नसेल, तर इंग्लंडशी काही संबंध नसला तरी चालेल, असे ठरले. कोर्टाच्या कलमाला मात्र बरीच वर्षे संशयाने वागवले गेले. पक्षकारांनी आपसात ठरवून कोर्टाचा अधिकार काढून घ्यायचा म्हणजे काय, हा प्रश्न न्यायाधीशांना खुपत होता. अमेरिकेतही तो 1972 पर्यंत खुपत राहिला. त्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानाहून इटलीला ओढून नेल्या जाणाऱ्या तेलविहिरीच्या रिगच्या प्रकरणात लंडन कोर्टाचे कलम उचलून धरले.

भारतात 1971 साली सूत्र ठरले: ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही, त्याला करारातून अधिकार देता येत नाही, पण दोन-तीन कोर्टांना अधिकार असेल तर त्यातले एक निवडता येते. हे सूत्र देशातल्या देशातल्या करारांसाठी होते. तरीही पुढची तीस वर्षे परदेशी कोर्टाच्या कलमांवर वाद घालताना वकील तेच पुढे करत राहिले: लंडनच्या कोर्टाचा या व्यवहाराशी संबंध काय, म्हणून.

आता क्रिकेटचे प्रकरण. ऑक्टोबर 2000 मध्ये नैरोबीत बाद फेरीची स्पर्धा होती. दूरदर्शनवरून सामने दाखवण्याचा परवाना एका भारतीय कंपनीने सिंगापूरच्या हक्कधारक कंपनीकडून घेतला आणि त्यापोटी 35 लाख डॉलरची किमान रक्कम कबूल केली. करारात लिहिले होते की इंग्लिश कायदा लागू राहील आणि दोन्ही पक्ष इंग्लिश कोर्टांचे नॉन-एक्सक्लुझिव्ह न्यायक्षेत्र मान्य करतात. पुढे प्रक्षेपणावरून वाद पेटला. जाहिरातींचे उत्पन्न बुडाले म्हणून भारतीय कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात भरपाईचा दावा लावला. पाठोपाठ सिंगापूरची कंपनी किमान रकमेच्या वसुलीसाठी लंडनच्या कोर्टात गेली. मग भारतीय कंपनीने मुंबईतच मागणी केली की प्रतिपक्षाला लंडनचा दावा चालवण्यापासून रोखा.

मागणीमागचा युक्तिवाद वरवर पटण्याजोगा होता. कलम नॉन-एक्सक्लुझिव्ह आहे, म्हणजे मुंबईचे दार उघडे आहे. आम्ही आधी आलो. साक्षीदार इथले, नुकसान इथले, आणि लंडनचा व्यवहाराशी धागासुद्धा जुळत नाही. एकल न्यायाधीशांनी अंतरिम मनाई दिली, खंडपीठाने ती उठवली, आणि जानेवारी 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाची बाजू घेतली.

निकालाचा गाभा असा. तिऱ्हाईत देशाचे कोर्ट पक्षकारांनी स्वतः निवडले असेल, तर व्यवहाराशी त्याचा संबंध नाही हे कारण पुरत नाही. लंडन लांब पडेल, खर्च येईल, हे सही करतानाच दिसत होते. कलम एक्सक्लुझिव्ह असेल तर इथले कोर्ट निवडलेल्या कोर्टातला दावा सहसा थांबवणार नाहीच. नॉन-एक्सक्लुझिव्ह असले तरी तिथे चाललेला दावा जाचक म्हणता येत नाही, कारण तिथे जायला दोघांनी होकार दिला होता. अपवाद राहतो तो कराराच्या वेळी कल्पनाही करता आली नसती अशा परिस्थितीचा, आणि तो सिद्ध करण्याचा भार मनाई मागणाऱ्यावर.

यावर टीका झाली ती अशी: मग दोन विशेषणांत फरक उरला कुठे? माझ्या मते फरक उरतो, पण लोक समजतात तिथे नाही. लंडनच्या दाव्याला तोंड द्यायची तयारी दोन्ही प्रकारांत गृहीत असते. कलम एक्सक्लुझिव्ह असते तर मुंबईचा दावाच अडचणीत आला असता. 1990 साली आफ्रिकेतून काजू आणणाऱ्या केरळच्या आयातदाराचे तसेच झाले होते. जहाजाच्या मालपावतीवर इंग्लिश कोर्टाचे एक्सक्लुझिव्ह कलम होते आणि कोचीच्या कोर्टाला अधिकार नाही असे ठरले. नॉन-एक्सक्लुझिव्हमध्ये मुंबईचा दावा जगतो, पण लंडनचाही जगतो. म्हणजे मऊ वाटणारे कलम घेणाऱ्याच्या वाट्याला दोन देशांत दोन वकील येऊ शकतात.

लंडनच्या दाव्याकडे दुर्लक्ष करून भागेल, असेही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 13 प्रमाणे परदेशी निकाल मानायचा तर तो अधिकार असलेल्या कोर्टाचा हवा, आणि करारात आधीच दिलेली संमती ती अट बरीचशी भागवते. ब्रिटन कलम 44अ खालचा परस्पर प्रदेश असल्याने तिथल्या वरिष्ठ कोर्टाचा हुकूमनामा थेट अंमलबजावणीला आणता येतो. गैरहजेरीत लागलेला निकाल गुणदोषांवर नव्हता, एवढा बचाव राहतो. पण तिथल्या न्यायाधीशाने पुरावा तपासून निकाल दिला असेल तर तोही जातो. अमेरिका त्या यादीत नाही. न्यूयॉर्कचा निकाल हाती असेल तर त्याच्या आधारे इथे नवा दावा लावावा लागतो, तोही तीन वर्षांच्या आत.

विशेषण लिहिलेच नसेल तर काय, हा उरलेला वाद. 1989 साली गुजरातमधल्या खेडा इथला विक्रेता आणि तमिळनाडूतल्या सेलमचा खरेदीदार यांच्या करारात वाद खेडा न्यायक्षेत्राच्या अधीन, एवढेच होते. ‘फक्त’ किंवा ‘केवळ’ असा शब्द नव्हता, म्हणून सेलमचे कोर्ट बाद झाले नाही. 2013 मध्ये जयपूरच्या एका एजंटाच्या प्रकरणात कोलकात्याचे तसलेच मोघम कलम आले. यावेळी ‘फक्त’ नसूनही एकाच शहराचे नाव घेतले यातच बाकीची वगळली, असे ठरले. दोन्ही निकाल देशांतर्गत करारांचे, आणि दोन्हींचा हवाला परदेशी करारांच्या वादात आजही दिला जातो.

परदेशात उत्तर नियमानेच दिलेले आहे. निवडलेल्या कोर्टांबाबतचा 2005 चा हेग करार 2015 पासून लागू आहे. पक्षकारांनी वेगळे लिहिले नसेल तर कलम एक्सक्लुझिव्ह धरायचे, असे तो म्हणतो. ब्रिटन आणि सिंगापूर त्यात आहेत, भारत नाही. त्यामुळे मुंबई आणि सिंगापूरच्या दोन कंपन्यांच्या पुरवठा करारात ‘सिंगापूरच्या कोर्टांना अधिकार राहील’ एवढेच लिहिले असेल, तर सिंगापूरचा न्यायाधीश ते एक्सक्लुझिव्ह मानूनच सुरुवात करेल, आणि मुंबईत मात्र 1989 आणि 2013 चे निकाल समोर ठेवून त्याच वाक्यावर युक्तिवाद चालेल.