ब्रोकरविरुद्ध तक्रार (भारतीय शेअर बाजार)

शेअर ब्रोकरने गुंतवणूकदाराचे नुकसान केल्यास दाद मागण्याचा मार्ग आधी ब्रोकर, मग शेअर बाजार आणि शेवटी बाजारावर देखरेख करणारी सेबी असा वर चढत जातो. बहुतेक तक्रारींचा निकाल मात्र पहिल्या पायरीवर काय लिहिले गेले यावरच ठरतो.

न विचारता केलेला सौदा हे यातले नेहमीचे भांडण. समजा, सोलापूरच्या एका खातेदाराच्या नावावर ३ जूनला त्याने न सांगितलेले ऑप्शनचे सौदे झाले आणि १ लाख ८० हजार रुपये बुडाले. झालेल्या सौद्यांचा तपशील देणारी कॉन्ट्रॅक्ट नोट २४ तासांत ई-मेलवर येते, शेअर बाजाराकडूनही एसएमएस येतो. त्यामुळे खातेदार दोन महिने गप्प राहिला, तर ‘त्याला मान्य होते’ असे म्हणायला ब्रोकर मोकळा होतो. म्हणून ५ जूनलाच ब्रोकरच्या तक्रारींसाठीच्या ई-मेलवर सौद्यांची यादी पाठवावी आणि ते आपण सांगितले नव्हते, हे स्पष्ट लिहावे. त्याच पत्रात ऑर्डरचा पुरावाही मागावा. सेबीच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने ऑर्डर दिल्याची नोंद, म्हणजे फोनचे रेकॉर्डिंग, ई-मेल, सहीचा कागद किंवा लॉगिनची नोंद, ब्रोकरने जपून ठेवायची असते. वाद झाला की सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच. सौदा झाल्यानंतर केलेल्या फोनचे रेकॉर्डिंग पुढे केले जाते तेव्हा सावध राहावे. त्यातून आधी परवानगी घेतली होती, हे सिद्ध होत नाही.

उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर (scores.sebi.gov.in) तक्रार नोंदवता येते, तीही घटनेपासून एका वर्षाच्या आत. एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या पद्धतीत ती थेट ब्रोकरकडे जाते आणि त्याला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. ते उत्तर अमान्य असेल, तर १५ दिवसांत फेरतपासणी मागायची. ती आधी शेअर बाजारासारख्या नेमलेल्या संस्थेकडे आणि तिथेही समाधान झाले नाही तर सेबीकडे जाते. पहिल्या उत्तरानंतर कंटाळून ही १५ दिवसांची मुदत चुकवणारेच पुष्कळ.

सेबी ब्रोकरवर कारवाई करू शकते, पण या पोर्टलवर तुमचे १ लाख ८० हजार देण्याचा निवाडा ती करत नाही. रक्कम वादात असेल, तर २०२३ मध्ये सुरू झालेले, वाद ऑनलाइन सोडवणारे ‘स्मार्ट ओडीआर’ पोर्टल (smartodr.in) हे ठिकाण आहे. तिथे आधी साधारण २१ दिवस मध्यस्थामार्फत तडजोडीचा प्रयत्न होतो, तो फसला की लवाद नेमता येतो. लवादासाठी शुल्क पडते. लवादाचा निवाडा बंधनकारक असतो, मात्र त्याला न्यायालयात आव्हान देता येते.

हा सारा मार्ग नोंदणीकृत ब्रोकरपुरताच आहे. शेअर बाजाराबाहेर बेकायदा सौदे, म्हणजे ‘डब्बा ट्रेडिंग’, करणाऱ्याकडे किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या भामट्याकडे पैसे गेले असतील, तर पोलिसांकडेच जावे लागते.