प्रत (ताऱ्याची)

पृथ्वीवरून एखादा तारा किती तेजस्वी दिसतो हे सांगणाऱ्या अंकाला त्याची प्रत म्हणतात. अंक जितका लहान तितका तारा ठळक. पहिल्या प्रतीचा तारा सहज नजरेत भरतो, तर सहाव्या प्रतीचा तारा अंधाऱ्या, निरभ्र रात्री नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. प्रतीवरून ताऱ्याचे खरे सामर्थ्य कळत नाही, कारण जवळचा साधा ताराही दूरच्या महाकाय ताऱ्यापेक्षा ठळक दिसू शकतो. ताऱ्यांच्या खऱ्या तेजाची तुलना करायची असेल, तर ते सगळे १० पार्सेक, म्हणजे सुमारे ३२.६ प्रकाशवर्षे अंतरावर आहेत असे मानून त्यांची निरपेक्ष प्रत काढतात.

अंकांचा क्रम उलटा वाटतो, कारण मुळात ही मोजणी नव्हतीच, वर्गवारी होती. तिचे श्रेय परंपरेने इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक ज्योतिर्विद हिप्पार्कस याला देतात. इ. स. दुसऱ्या शतकात टॉलेमीने ‘अल्माजेस्ट’ या ग्रंथात हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी दिली आणि ते सहा वर्गांत बसवले. सर्वांत ठळक तारे पहिल्या वर्गात, त्यांच्याहून मंद ते दुसऱ्या वर्गात, असा तो क्रम होता. शर्यतीत पहिला क्रमांक दुसऱ्याच्या वरचा असतो, तसाच.

ही वर्गवारी डोळ्यांच्या अंदाजावर होती, त्यामुळे ढोबळ होती. व्याध आणि मघा हे दोन्ही तारे पहिल्याच वर्गात होते. आजच्या मापाने व्याधाची प्रत −१.४६ आणि मघाची १.३५ आहे, म्हणजे व्याधाचा प्रकाश मघाच्या सुमारे १३ पट भरतो. दुर्बीण आल्यावर सहाव्या वर्गाच्याही पलीकडचे तारे दिसू लागले. त्यांना अंक द्यायचे तर दोन वर्गांमधले अंतर नेमके किती, हे ठरवणे भाग पडले.

पहिल्या प्रतीच्या ताऱ्याचा प्रकाश सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या साधारण १०० पट असतो, हे एकोणिसाव्या शतकापर्यंत लक्षात आले होते. १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन यांनी हे प्रमाण बरोबर १०० धरावे असे सुचवले. (हेच पॉगसन पुढे मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले.) पाच पायऱ्यांत १०० पट, तर एका पायरीला १०० चे पाचवे मूळ, म्हणजे सुमारे २.५१२. पायरी बेरजेची न ठेवता पटीची ठेवणे सोयीचे होते, कारण तेजातला ठरावीक फरक डोळ्याला जाणवत नाही, जाणवते ते गुणोत्तर. जुन्या वर्गांशीही ही पायरी बरीचशी जुळली. उलटा क्रम मात्र कायम राहिला. तो बदलला असता तर जुन्या सगळ्या याद्यांशी संबंध तुटला असता.

सूत्ररूपाने हे नाते असे मांडतात:

m₁ − m₂ = −2.5 log₁₀(F₁/F₂)

यात m म्हणजे प्रत आणि F म्हणजे आपल्यापर्यंत पोचणारा प्रकाश. उजवीकडचे उणे चिन्ह म्हणजे तोच जुना उलटा क्रम. या मापात अभिजित ताऱ्याची प्रत जवळपास शून्य येते. त्याहून तेजस्वी ज्योतींना मग उणे अंकच द्यावे लागतात: पौर्णिमेच्या चंद्राला सुमारे −१२.७, सूर्याला सुमारे −२६.७.

सप्तर्षींतील वसिष्ठ आणि त्याच्या शेजारची अरुंधती यांच्यावरून हे प्रत्यक्ष ताडून पाहता येते. नुसत्या डोळ्यांना वसिष्ठाची प्रत सुमारे २.० आणि अरुंधतीची सुमारे ४.० भरते. दोन पायऱ्या म्हणजे २.५१२ × २.५१२, म्हणून वसिष्ठ ६.३ पट तेजस्वी. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे गुणाकाराऐवजी बेरीज करून ‘पाच पट’ म्हणणे. दोन पायऱ्यांत ही चूक लहान दिसते, पण पाच पायऱ्यांत १०० ऐवजी साडेबारा पट असे उत्तर येते.

प्रतींची आपसातही बेरीज करता येत नाही. लहान दुर्बिणीतून वसिष्ठाच्या जागी दोन तारे दिसतात, एक २.२३ प्रतीचा आणि दुसरा ३.८८ प्रतीचा. दोघांचा प्रकाश एकत्र आला की जोडी आणखी तेजस्वी दिसायला हवी, आणि बेरीज तर ६.११ येते, म्हणजे डोळ्यांना न दिसण्याइतका मंद तारा! अशा वेळी आधी प्रती प्रकाशात बदलाव्या लागतात. फरक १.६५ आहे, म्हणून मंद ताऱ्याचा प्रकाश १ धरला तर तेजस्वी ताऱ्याचा सुमारे ४.५७ होतो. दोन्ही मिळून ५.५७, म्हणजे एकट्या तेजस्वी ताऱ्याच्या १.२२ पट. एवढ्या वाढीने प्रत सुमारे ०.२१ ने उतरते. २.२३ मधून ते वजा केले की २.०२ उरतात, आणि नुसत्या डोळ्यांना एकच तारा म्हणून दिसणाऱ्या वसिष्ठाची प्रत हीच आहे.